पुस्तकातील आकृतीच्या फोटोवरून अवतरंग की अनुतरंग हे नेमके कसे ओळखावे?

चाळीसगावची_मावशी

माझा भाचा नववीत असून पाचोऱ्याला वसतिगृहात राहतो. अभ्यासात अडले की पानाचा फोटो काढून मला पाठवतो. माध्यमाचे कण तरंगाच्या दिशेला लंब हलले तर अवतरंग आणि त्या दिशेतच पुढे-मागे हलले तर अनुतरंग, एवढी व्याख्या त्याला पाठ आहे. काल आलेल्या फोटोत तरंगांच्या तीन आकृत्या आहेत. प्रश्न असा आहे की प्रत्येक तरंगाचा प्रकार ओळखून शृंग, गर्त आणि संपीडन योग्य ठिकाणी दाखवा.

पहिल्या आकृतीत एका हाताने धरलेली दोरी आहे व तिच्याशेजारी वर-खाली असा दुहेरी बाण आहे. दुसऱ्या आकृतीत उभ्या रेषांचा एक पट्टा आहे. त्यातील रेषा काही ठिकाणी दाट तर काही ठिकाणी विरळ आहेत, आणि पट्ट्याच्या बरोबर खाली एक नागमोडी वक्ररेषा काढलेली आहे. तिसऱ्या आकृतीत केवळ नागमोडी वक्ररेषा असून उजवीकडे जाणारा एक बाण आहे. तिच्यावर तीन बिंदू दिले आहेत: सर्वांत वरचा म, वक्ररेषा खाली उतरताना जेथे मधल्या आडव्या रेषेला छेदते तेथील न, आणि सर्वांत खालचा र. फोटोची डावी कड कापली गेली आहे.

भाच्याने तिन्हींना अवतरंग म्हटले, कारण तिन्ही ठिकाणी नागमोडी रेषा आहे. त्याच्याजवळच्या मार्गदर्शकात मात्र दुसऱ्या आकृतीला अनुतरंग व तिसरीला अवतरंग असे उत्तर दिले आहे. दुसरीतील आणि तिसरीतील वक्ररेषा मला तरी हुबेहूब सारख्या दिसतात. मग उत्तरे वेगळी का?

धुळेकर_इंजि

मावशी, यात फारसे अवघड काही नाही. नागमोडी रेषा दिसली की अवतरंग आणि दाट-विरळ ठिपके, रेषा किंवा स्प्रिंगची वेटोळी दिसली की अनुतरंग, एवढे लक्षात ठेवले तरी परीक्षेचे काम भागते. अवतरंगाला शृंग व गर्त असतात आणि अनुतरंगाला संपीडन व विरलन असते. दुसऱ्या आकृतीत पट्टा आहे म्हणून ती अनुतरंगाची. तिच्याखालची वक्ररेषा केवळ समजावण्यासाठी काढलेली असते, तिच्याकडे दुर्लक्ष करावे.

नंदुरबार_८८

दुर्लक्ष करण्यासाठी काढलेली आकृती छापायला प्रकाशकाने शाई कशाला खर्च केली असेल, हाही प्रश्न त्या भाच्याला घालावा.

अमळनेरचे_मास्तर

धुळेकरांचा नियम निम्म्या वेळा बरोबर उत्तर देतो, परंतु मावशींचा प्रश्न नेमका उरलेल्या निम्म्यातला आहे.

कागदावरची नागमोडी रेषा दोन अगदी वेगळ्या गोष्टी दाखवू शकते. पहिल्या आकृतीत ती प्रत्यक्ष दोरीचे चित्र आहे, म्हणजे त्या क्षणी दोरी खरोखरच तशी वाकलेली आहे. दुसऱ्या आकृतीतील वक्ररेषा हे चित्र नसून आलेख आहे. हवेत तशी वाकडी रेषा कोठेही नसते. त्या त्या जागी हवा किती दाट आहे, हे त्या रेषेच्या उंचीने सांगितलेले असते. म्हणून पट्ट्यातील दाट भागाच्या बरोबर खाली आलेखाचा माथा येतो आणि विरळ भागाखाली त्याचा तळ येतो. विद्यार्थी चित्र आणि आलेख यांत फरक करत नाहीत आणि तिन्हींना एकच नाव देऊन मोकळे होतात. भाच्याने तेच केले आहे.

तेव्हा पहिला प्रश्न 'रेषा कशी दिसते' हा नसून 'उभ्या अक्षावर काय लिहिले आहे' हा आहे. तेथे घनता किंवा दाब लिहिलेले असेल, तर तरंग अनुतरंग आहे. तिसऱ्या आकृतीत नेमका तोच भाग फोटोतून कापला गेला आहे, म्हणून आज तिच्याविषयी मी काहीही ठामपणे सांगणार नाही. मावशी, भाच्याकडून पूर्ण पानाचा फोटो मागवावा.

रावेरी_केळी

आमच्या शेततळ्यात दगड टाकला की गोल लाटा उठतात आणि त्यांचे उंचवटे-खळगे स्पष्ट दिसतात. पाण्यावर पडलेले पान त्या लाटेबरोबर काठाकडे जात नाही, जागच्या जागी वर-खाली होते. म्हणजे तो अवतरंगच झाला ना? तिसरी आकृती पाण्याची असावी, असे मला वाटते.

अमळनेरचे_मास्तर

आबा, पान काठाकडे जात नाही हे आपले निरीक्षण योग्य आहे, परंतु ते नीट पाहिले तर केवळ वर-खाली होत नाही. लाटेचा माथा आला की ते थोडे पुढे सरकते आणि खळगा आला की थोडे मागे येते, म्हणजे एकूण त्याचा एक लहानसा फेरा होतो. पृष्ठभागावरच्या पाण्याची हालचाल तरंगाच्या दिशेला आडवीही असते आणि त्या दिशेतही असते. त्यामुळे शृंग व गर्त दिसणे म्हणजे शुद्ध अवतरंग, असे पाण्याच्या बाबतीत म्हणता येत नाही. आपल्या उदाहरणाने उलट धुळेकरांच्या नियमालाच धक्का बसतो.

धुळेकर_इंजि

सर, अक्षाचा मुद्दा मान्य. पण अक्षावर काही लिहिलेलेच नसेल, तर बाण पाहावा ना? तिसऱ्या आकृतीत बाण उजवीकडे जातो, तरंगही उजवीकडेच जातो, म्हणजे दोघांची दिशा एकच झाली. मग तो अनुतरंग ठरतो. म्हणजे मार्गदर्शकाचे उत्तर चुकले.

वर्षा_जळगाव

भाऊ, एका बाणावरून हा निर्णय होऊ शकत नाही. तो बाण तरंग कोणीकडे चालला आहे, एवढेच दाखवतो, आणि तो दोन्ही प्रकारच्या तरंगांच्या आकृतीत असू शकतो. प्रकार ठरवण्यासाठी दुसरा बाण लागतो, जो माध्यमाचे कण कोणत्या दिशेत हलतात हे दाखवतो. तो बहुधा दोन्ही टोकांना अणकुचीदार असतो, कारण कण पुढे-मागे किंवा वर-खाली होऊन मूळ जागी परत येतो. पहिल्या आकृतीत दोरीजवळचा बाण तसा आहे, म्हणूनच तेथे वाद उरत नाही.

मी जळगावात शिकवणी घेते, तेव्हा फोटोवरून अभ्यास करणाऱ्या मुलांच्या काही अडचणी मला रोज दिसतात. पान पुस्तकाच्या बांधणीकडे आत वळलेले असते, त्यामुळे त्या बाजूच्या रेषा फोटोत एकमेकींजवळ सरकलेल्या दिसतात. मुले तेथे बिनधास्त संपीडन लिहितात. खरे संपीडन आणि पानाचा वळसा यांतील फरक ओळखायचा असेल, तर त्या आकृतीच्या वर-खाली छापलेली अक्षरे पाहावीत. अक्षरेही तेथे दबून अरुंद झाली असतील, तर तो वळसाच समजावा. शिवाय खरी संपीडने सारख्या अंतराने येतात. कडेला एकच जास्तीचा दाट पट्टा दिसत असेल आणि तो त्या अंतरात बसत नसेल, तर त्याला नाव देऊ नये.

फोटो उलटा किंवा आडवा आला, तर आणखी एक गंमत होते. उलट्या फोटोत शृंगाच्या जागी गर्त दिसतो आणि गर्ताच्या जागी शृंग, परंतु दाट भाग कोणत्याही बाजूने पाहिला तरी दाटच राहतो. म्हणून शृंग-गर्त लिहिण्यापूर्वी फोटोतील अक्षरे सुलटी करून घ्यावीत. संपीडनासाठी त्याची गरज पडत नाही.

चाळीसगावची_मावशी

वर्षाताई, वळशाचे तुम्ही सांगितले ते अगदी खरे निघाले. दुसऱ्या आकृतीच्या उजव्या टोकाला एक दाट पट्टा आहे आणि त्याच्याखाली आलेखाचा माथा नाही. भाच्याने तेथेही संपीडन लिहिले होते. शेजारची अक्षरेही चेपलेली दिसतात.

भुसावळ_यार्ड

मी रेल्वे रुळांची अल्ट्रासोनिक तपासणी करतो, म्हणून या चर्चेत थोडी भर घालतो. 'ध्वनी म्हणजे अनुतरंग' हे वाक्य हवेपुरते बरोबर आहे, परंतु पोलादात ते पुरत नाही. आम्ही रुळाच्या माथ्यावरून जे प्रोब चालवतो, त्यांपैकी शून्य अंशाचा प्रोब सरळ खाली अनुतरंग पाठवतो, तर सत्तर अंशाचा तिरका प्रोब पोलादात अवतरंग पाठवतो. दोन्ही ध्वनीच आहेत, केवळ कानाला ऐकू येण्याच्या पलीकडचे. पोलादात अनुतरंगाचा वेग सेकंदाला सुमारे ५९०० मीटर असतो आणि अवतरंगाचा सुमारे ३२०० मीटर. हवेत किंवा पाण्यात मात्र अवतरंग जातच नाही, कारण द्रव व वायू आडव्या सरकण्याला विरोध करत नाहीत. तिरक्या प्रोबमध्येही सुरुवातीला अनुतरंगच असतो आणि पोलादाच्या पृष्ठभागावर त्याचे अवतरंगात रूपांतर होते.

आणखी एक गोष्ट या धाग्याच्या विषयाला धरून आहे. आमच्या यंत्राच्या पडद्यावर टोकदार उंचवटे दिसतात. नवीन मुलगा आला की त्यांना तो तरंगाचे शृंग म्हणतो. प्रत्यक्षात तो रुळातून परत आलेला प्रतिध्वनी असतो. उंचवट्याची उंची म्हणजे प्रतिध्वनीचा जोर आणि त्याची आडवी जागा म्हणजे तो परत यायला लागलेला वेळ. मास्तरांचे म्हणणे मला तेथे रोज पटते. अक्ष न वाचता उंचवट्याला नाव देता येत नाही.

नंदुरबार_८८

म्हणजे नववीच्या मुलाला आणि रेल्वेच्या नव्या भरतीला एकच प्रश्नपत्रिका दिली तरी चालेल.

अमळनेरचे_मास्तर

भुसावळकरांनी फार चांगले उदाहरण दिले. आता मी एक गोष्ट पूर्णपणे सोडवून दाखवतो, कारण पूर्ण फोटो आल्यावर ती लागण्याची शक्यता आहे. उभ्या अक्षावर घनता किंवा दाब नसून 'विस्थापन' लिहिलेले असू शकते. तसे असेल तर शृंगाखाली संपीडन ही जोडी मोडते. भाच्याने हे आलेख कागदावर करून पाहावे.

एका आडव्या रेषेवर एकेक सेंटीमीटरवर कण ठेवावेत. त्यांच्या मूळ जागा ०, १, २, ३ अशा ८ पर्यंत आहेत. तरंगलांबी ८ सेंटीमीटर आणि आयाम १ सेंटीमीटर घेतला, तर या क्षणी त्या कणांची विस्थापने क्रमाने ०, ०.७, १, ०.७, ०, −०.७, −१, −०.७, ० अशी येतात. यांचा आलेख काढला, तर २ या जागी माथा येतो, ६ या जागी तळ येतो आणि ४ या जागी वक्ररेषा खाली उतरताना आडव्या अक्षाला छेदते. मावशींच्या तिसऱ्या आकृतीतील म, र आणि न हे बिंदू अनुक्रमे हेच आहेत.

आता हा तरंग अनुतरंग आहे असे समजू. म्हणजे धन विस्थापन असलेला कण उजवीकडे सरकला आहे आणि ऋण असलेला डावीकडे. प्रत्येकाच्या मूळ जागेत त्याचे विस्थापन मिळवले, तर कणांच्या नव्या जागा ०, १.७, ३, ३.७, ४, ४.३, ५, ६.३ आणि ८ अशा येतात. त्या दुसऱ्या रेषेवर ठिपक्यांनी दाखवाव्यात. ३.७, ४ आणि ४.३ हे ठिपके एकमेकांना खेटून बसलेले दिसतील. म्हणजे संपीडनाचा मध्य ४ या जागी आहे, जेथे विस्थापन शून्य आहे. याउलट ० आणि ८ या जागांजवळ ठिपके सर्वांत विरळ आहेत, तेथे विरलन आहे. आलेखाच्या माथ्याशी, म्हणजे मूळ २ या जागेच्या कणापाशी, पाहिले तर त्याच्या एका बाजूचे अंतर १.३ आणि दुसऱ्या बाजूचे ०.७ आहे. सरासरी १, म्हणजे मूळ अंतराइतकीच. तेथे संपीडनही नाही आणि विरलनही नाही.

कारण सोपे आहे. ४ च्या डावीकडचे कण उजवीकडे सरकले आहेत आणि उजवीकडचे डावीकडे, त्यामुळे मध्ये गर्दी झाली. शंटिंगच्या वेळी मागून धक्का बसलेल्या मालगाडीचे डबे ज्या जागी एकमेकांवर दाटतात, तसाच हा प्रकार आहे. म्हणून विस्थापनाच्या आलेखावर संपीडन शोधायचे असेल, तर वक्ररेषा धनाकडून ऋणाकडे उतरताना अक्षाला छेदते ती जागा पाहावी. ती चढताना जेथे छेदते, तेथे विरलन असते. मात्र उजवीकडचे विस्थापन धन मानले आहे, ही अट विसरू नये. कोणी डावीकडचे धन मानले, तर संपीडन आणि विरलन यांच्या जागा बदलतील.

धुळेकर_इंजि

सर, आपण सांगितल्याप्रमाणे मी आकडे मांडून पाहिले आणि ठिपके खरोखरच ४ जवळ दाटले. परंतु एक शंका आहे. आयाम १ सेंटीमीटर आणि कणांमधले अंतरही १ सेंटीमीटर, हे प्रत्यक्षातील हवेला धरून आहे का?

अमळनेरचे_मास्तर

नाही. ते डोळ्यांना फरक दिसावा म्हणून मुद्दाम फुगवलेले आहे. साध्या बोलण्याच्या आवाजात हवेच्या थराचे विस्थापन मिलिमीटरच्या लाखाव्या भागाइतके लहान असते, तर तरंगलांबी अर्ध्या मीटरच्या आसपास असते. त्या प्रमाणात आकृती काढली, तर दाट व विरळ भाग कोणालाही दिसणार नाहीत. पुस्तकातील प्रत्येक अनुतरंगाची आकृती अशी फुगवलेलीच असते.

रावेरी_केळी

म्हणजे आकृतीतील संपीडन बिंदूने दाखवायचे की कंसाने? आमच्या मुलाने एका रेषेवर बाण टोचून संपीडन लिहिले आणि त्याचा अर्धा गुण गेला.

वर्षा_जळगाव

शृंग आणि गर्त हे वक्ररेषेवरचे बिंदू आहेत, त्यामुळे तेथे बाणाचे टोक चालते. संपीडन हा एक भाग आहे, एकच रेषा दाट असू शकत नाही. म्हणून दाट रेषांच्या सगळ्या पट्ट्याला कंस करून नाव लिहावे. तरंगलांबी दाखवताना मात्र एका संपीडनाच्या मध्यापासून पुढच्या संपीडनाच्या मध्यापर्यंतच बाण न्यावा. मुले घाईत संपीडनापासून विरलनापर्यंत नेतात आणि उत्तर निम्मे येते.

चाळीसगावची_मावशी

पूर्ण पानाचा फोटो आला. तिसऱ्या आकृतीच्या उभ्या अक्षावर 'विस्थापन' आणि आडव्या अक्षावर 'अंतर' लिहिले आहे. यापलीकडे आकृतीखाली एकही शब्द नाही. आता उत्तर काय?

धुळेकर_इंजि

विस्थापन लिहिले आहे आणि वक्ररेषा वर-खाली जाते, म्हणजे विस्थापन वर-खाली आहे. अवतरंगच. मार्गदर्शक बरोबर होता.

भुसावळ_यार्ड

इंजिनिअरसाहेब, मास्तरांनी वर जो आकडेमोडीचा आलेख काढायला सांगितला, तोही वर-खालीच जात होता आणि तरंग मात्र अनुतरंग होता. आलेखात विस्थापन वरच्या बाजूला मोजतात, ही कागदाची सोय आहे. कण त्या दिशेला हलतोच असे नाही.

अमळनेरचे_मास्तर

भुसावळकरांच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे. विस्थापन-अंतर आलेख दोन्ही प्रकारच्या तरंगांसाठी अगदी सारखाच येतो. केवळ एवढ्या माहितीवर तिसऱ्या आकृतीचा प्रकार ठरत नाही. तो अवतरंग असेल तर म हे शृंग, र हा गर्त आणि न ला काही विशेष नाव नाही. तो अनुतरंग असेल तर न हे संपीडनाचे मध्य आहे, आणि म व र येथे कण आपल्या मूळ जागेपासून सर्वांत दूर गेलेले आहेत, एवढेच म्हणता येईल. न हा बिंदू प्रश्नात मुद्दाम दिला आहे, यावरून प्रश्न काढणाऱ्याच्या मनात दुसरी शक्यता असावी, असा माझा कयास आहे. मात्र कयास हे उत्तर नव्हे.

वर्षा_जळगाव

मास्तरांचा तर्क मला मान्य आहे, परंतु परीक्षेच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे. नववीच्या पातळीवर स्वतंत्र नागमोडी वक्ररेषा दिली आणि शृंग-गर्त विचारले, तर तपासणारे अवतरंग याच उत्तराला गुण देतात. मुलाने 'ठरवता येत नाही' असे लिहिले, तर कोरी जागा सोडल्यासारखे धरले जाण्याची भीती आहे.

अमळनेरचे_मास्तर

ती भीती खरी आहे. तरीही मी तपासत असतो, तर 'विस्थापनाची दिशा दिलेली नाही, ती तरंगाच्या दिशेला लंब मानल्यास अवतरंग' असे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण दिले असते. सगळे तपासनीस तसे करतील, अशी खात्री मी देऊ शकत नाही.

चाळीसगावची_मावशी

आणखी एक सांगायचे राहिले. पान उलटल्यावर पुढचा प्रश्न असा आहे: 'आकृती तीनमधील तरंगाची वारंवारिता ५०० हर्ट्झ व वेग ३४० मीटर प्रति सेकंद असल्यास तरंगलांबी काढा.' भाच्याने ०.६८ मीटर असे उत्तर काढले आहे. याचा आपल्या वादाशी काही संबंध आहे का?

भुसावळ_यार्ड

३४० हा हवेतील ध्वनीचा वेग आहे! मग तो अनुतरंग आणि न म्हणजे संपीडन.

अमळनेरचे_मास्तर

मोठा इशारा आहे, यात शंका नाही, आणि तो मार्गदर्शकाच्या विरुद्ध जातो. परंतु पुरेशा ताणलेल्या बारीक तारेवरच्या अवतरंगाचा वेगही ३४० असू शकतो, म्हणून याला पुरावा म्हणायला मी तयार नाही. मावशी, भाच्याची ०.६८ ही तरंगलांबी मात्र दोन्ही बाजूंनी बरोबर आहे, कारण वेग भागिले वारंवारिता हा संबंध तरंगाचा प्रकार विचारत नाही.

धुळेकर_इंजि

माझे मत अजूनही अवतरंगाकडेच आहे, कारण प्रश्नात शृंग आणि गर्त विचारले आहेत.

नंदुरबार_८८

प्रश्नात संपीडनही विचारले आहे, भाऊ.

वर्षा_जळगाव

ते दुसऱ्या आकृतीसाठी असावे, असे मला वाटते. मावशी, भाच्याला सांगावे की त्याने शाळेतील विज्ञानाच्या सरांना हे दोन्ही प्रश्न एकत्र दाखवावेत आणि न या बिंदूला काय नाव अपेक्षित आहे, ते थेट विचारावे. त्यांचे उत्तर येथे कळवलेत तर बरे होईल.